आधी दागिना पालथा घाला

जुना म्हणून विकायला आलेला कुंदनाचा दागिना नेहमी सुलटा समोर ठेवला जातो. मखमलीवर हार किंवा तन्मण्याचे खोड, वर दिवा, आणि दिव्याखाली चमकणारे पोलकी हिरे आणि माणके. घेणाऱ्याचे डोळेही तिथेच जातात. पण दागिन्याचे वय ठरवायचे असेल तर ही दर्शनी बाजू सर्वांत कमी भरवशाची, कारण मालकांनी आणि सोनारांनी वेळोवेळी सर्वांत जास्त हात लावलेला असतो तो तिलाच. जयपुरी पद्धतीचा जडावाचा दागिना ही एका वेळी, एका हाताने झालेली वस्तू नसते. त्याच्यात थर असतात, आणि प्रत्येक थराचे वय वेगळे असू शकते. मागचा मीना, खड्याभोवतीचे कुंदन आणि खड्याखालची डाक या तिघांचे म्हणणे वेगवेगळे ऐकावे आणि मग कोणावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवावे, असे माझे मत आहे. हा क्रम आवडीनिवडीने लावायचा नाही. दागिना ज्या क्रमाने घडतो त्या क्रमातूनच तो निघतो.

जयपूरला हे काम परंपरेने वेगवेगळ्या कारागिरांत वाटलेले असते. चितेरा नक्षी रेखतो, सोनार पातळ पत्र्याचा पोकळ घाट घडवतो, खोदणारा मागच्या बाजूला नक्षीपुरते सोने कोरून उथळ खळगे करतो. मीनाकार त्या खळग्यांत रंगीत काचेची ओली पूड भरून भट्टीत भाजतो. सगळे रंग एकदम भाजत नाहीत. ज्याला जास्त आच सोसते तो पांढरा आधी, निळा आणि हिरवा मधे, आणि सर्वांत नाजूक लाल शेवटी. ही आच साधारण साडेसातशे ते साडेआठशे अंशांची असते. मीना पुरा झाला, घासून सपाट केला, चकाकला, की मगच घाट जडियाकडे जातो. तो पोकळीत लाख भरतो, लाखेवर डाक म्हणजे चांदीचा चकचकीत वर्ख बसवतो, त्यावर खडा ठेवतो आणि खड्याच्या कडेने शुद्ध सोन्याच्या पट्ट्या सळईने दाबत जातो. या पट्ट्या म्हणजेच कुंदन. शेवटी पटवा दोऱ्यात गुंफतो.

आता लाखेचा गुण पाहा. ती शंभर अंशांच्या आतच मऊ पडते. म्हणजे आत लाख असलेला, खडे बसवलेला दागिना मीन्याच्या भट्टीत घालताच येत नाही. घातला तर लाख जळेल आणि खडे निखळतील. मीना नव्याने करायचा तर सगळे खडे उचकटावे लागतात, लाख काढावी लागते, घाट पुन्हा रिकामा करावा लागतो. इतका खटाटोप क्वचितच कोणी करतो. उलट एखाद्या खड्याची डाक काळी पडली तर जडिया तेवढ्याच खड्याभोवतीचे कुंदन सोडवतो, लाख किंचित ऊब देऊन मऊ करतो, नवी डाक घालतो आणि पुन्हा कुंदन भरतो. हे काम पिढ्यान्‌पिढ्या नेहमीचे आहे. म्हणून मागचा मीना हा घाटाच्या वयाचा सर्वांत भक्कम साक्षीदार, कुंदन मधला, आणि डाक सर्वांत कच्ची. बाजारात मात्र उलटे चालते: डाक चकचकीत दिसली की दागिना नवा, काळवंडली की जुना, असे बिनदिक्कत सांगितले जाते.

तेव्हा दागिना पालथा घाला आणि दहापट भिंग घ्या. पहिली नजर रंगाच्या तळाशी. जयपुरी कामाची ओळख म्हणजे पांढऱ्या भूमीवर लाल फुले आणि हिरवी पाने. त्यातला पांढरा अपारदर्शक असतो, पण चांगला लाल आणि हिरवा पारदर्शक असतो आणि त्यातून खालचे सोने दिसते. खोदणाऱ्याने खळग्याच्या तळाशी बारीक रेघांची जाळी ओढलेली असते. काचेला पकड मिळावी म्हणून ती आणि रंग आतून हलता दिसावा म्हणूनही ती. दागिना दिव्याखाली थोडा फिरवला की या रेघा उजळतात आणि विझतात. हाताच्या छिन्नीच्या रेघा कधीच एकसारख्या अंतरावर नसतात. कुठे छिन्नी घसरलेली असते, कुठे पाकळीच्या टोकाला रेघा दाट झालेल्या असतात. ठशाने उठवलेल्या किंवा ओतीव घाटात तळ गुळगुळीत असतो, नाहीतर रेघा अगदी मोजून मारल्यासारख्या असतात. हाराच्या बाबतीत तर याहून सोपी परीक्षा आहे. दोन शेजारच्या कड्यांच्या पाठी एकमेकींशी ताडून पाहा. हाताने खोदलेले दोन पोपट कधी तंतोतंत सारखे नसतात. एकाची चोच जिथे वाकडी गेली तिथेच दुसऱ्याचीही गेली असेल, तर दोघे एकाच ठशातून निघाले आहेत.

दुसरी खूण झिजेची. काच सोन्यापेक्षा बरीच कठीण असते. त्यामुळे वर्षानुवर्षे कापडावर आणि अंगावर घासल्या गेलेल्या पाठीवर रंगांमधल्या सोन्याच्या रेषा आधी झिजतात. त्या बोथट होतात, केसभर खाली जातात, आणि मीना त्यांच्यापेक्षा किंचित वर राहतो. नव्या कामात सोने आणि काच एकत्र घासून सपाट केलेली असल्याने रेषेची धार अजून शाबूत असते. झीज कुठे आहे हेही महत्त्वाचे. पदकाच्या पाठीचा जो फुगीर भाग छातीला टेकतो तिथे ती जास्त, कडेच्या खोलगट भागात कमी, आणि कड्यांपाशी, जिथे दोरा किंवा तार रात्रंदिवस घासते, तिथे सर्वांत जास्त. जुना मीना टवका उडाल्याशिवाय क्वचितच राहतो. काच शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वक्र तुटते आणि टवक्याच्या तळाशी खोदलेले सोने उघडे पडते. त्या टवक्यात वर्षांचा मळ दाबून बसलेला असेल तर ती जुनी जखम. कडा लखलखीत असतील तर ती अलीकडची.

इथेच थंड मीन्याचा प्रश्न येतो. आज पुष्कळ दागिन्यांच्या पाठीवर भट्टीतली काच नसून रेझिनचा रंग असतो. भिंगाखाली तो खळग्यातून थोडा फुगून वर आलेला, कडेला सोन्यावर सांडलेला दिसतो. त्याला तडा जात नाही, तो सालीसारखा सुटतो. त्याचा लाल रंग सपाट असतो, आतून हलत नाही. छोटी अतिनील बॅटरी असेल तर अंधारात धरून पाहा. रेझिन बहुधा काचेपेक्षा वेगळे चमकते. पण पाठीवर रेझिन सापडले म्हणून दागिना नवा, असे लगेच ठरवू नका. वर सांगितलेलेच कारण इथे उलट्या बाजूने लागू होते. जडवलेल्या दागिन्याचा उडालेला टवका भट्टीत भरता येत नाही, त्यामुळे जुन्या दागिन्याची डागडुजी थंड रंगानेच होते. एखाददुसऱ्या पाकळीत रेझिन असेल आणि बाकी सगळी काच असेल, तर ते जुनेपणाशी विसंगत नाही. सगळी पाठच रेझिनची असेल तर मात्र चर्चा तिथेच संपवावी. बुडबुड्यांवरून निष्कर्ष काढणाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही. ते काचेतही असतात, रेझिनमध्येही.

लाल रंगाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तो सोन्याची शुद्धताही सांगतो. पारदर्शक लाल उंच कसाच्या सोन्यावरच खुलतो. सोन्यात तांबे जास्त असेल तर भट्टीत ते काळवंडते आणि वरचा रंग मळकट दिसतो. चांदीवर हा लाल तपकिरीकडे झुकतो, म्हणून चांदीवरच्या परंपरागत कामात निळा आणि हिरवाच जास्त दिसतो. चांदीच्या, वर सोन्याचे पाणी दिलेल्या दागिन्यावर झळझळीत लाल दिसला तर आधी रेझिनची शंका घ्यावी. 1963 च्या सुवर्ण नियंत्रणाने नव्या दागिन्यांत 14 कॅरटपेक्षा शुद्ध सोने वापरायला मनाई केली, तेव्हा या कामाच्या मुळावरच घाव बसला. ती मनाई पुढे शिथिल झाली, पण नियंत्रणाचा कायदा 1990 पर्यंत राहिला. ‘अमुक दागिना साठ-सत्तरच्या दशकातला’ असे कोणी छातीठोकपणे सांगितले तर ही पार्श्वभूमी आठवून दोन प्रश्न जास्त विचारावेत. गुलाबी छटांनी पांढऱ्यावर चितारलेली पाठ मात्र जयपूरपेक्षा बनारसच्या गुलाबी मीन्याकडे बोट दाखवते. तिला जयपूरच्या मापाने मोजू नये.

या सगळ्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही रास्त आहेत. पहिला असा की प्रत्येक जुन्या कुंदनाच्या दागिन्याला मीन्याची पाठ नसते. खरे आहे. विशेषतः दख्खनेत आणि दक्षिणेत साधी किंवा नुसती कोरलेली सोन्याची पाठ पुष्कळ सापडते. तिथे रंग नाही, पण कोरीव काम आणि झीज आहेच, आणि त्या दोन्हींची परीक्षा तशीच राहते. पुरावा फक्त कमी होतो, म्हणून निष्कर्षही तेवढाच सैल ठेवायचा. दुसरा आक्षेप असा की झीज बनवता येते. येते, पण बनवणाऱ्याला घाई असते. सँडपेपरने किंवा यंत्राच्या बुरशाने घासलेल्या पाठीवर ओरखडे एकाच दिशेने जातात आणि जिथे अंग कधी लागत नाही अशा कोपऱ्यांतही ते पोचतात. खरी झीज चारी दिशांनी असते आणि कोपरे सोडून देते. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. आजही जयपूरला हाताने खोदून, भट्टीत भाजून, जुन्या क्रमाने काम करणारे कारागीर आहेत. पद्मश्री मिळालेल्या सरदार कुदरतसिंगांच्या परंपरेतले काम जुन्या कामाच्या तोडीचे असते. मग पद्धतीवरून वय कसे ओळखणार? उत्तर सरळ आहे: नुसत्या पद्धतीवरून नाही ओळखता येत. चांगली पद्धत एवढेच सांगते की दागिना स्वस्त नक्कल नाही. वय सांगते ती झीज, मळ, दुरुस्तीच्या खुणा आणि थरांमधली विसंगती. ज्या दागिन्यावर यातले काहीच नाही तो कितीही सुंदर असला तरी त्याला चांगले नवे काम म्हणून किंमत द्यावी, जुन्याची नव्हे.

पाठ वाचून झाली की दागिना सुलटा करावा आणि कुंदन पाहावे. शुद्ध सोन्यावर हवेने पापुद्रा धरत नाही, म्हणून त्याचे थर नुसत्या दाबाने, आच न लावता, एकमेकांत मिसळतात. सगळ्या कोंदणाचे रहस्य हेच. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तही या कामासाठी सोने विशेष शुद्ध करून घेण्याचे वर्णन आहे. भिंगाखाली खऱ्या कुंदनात डाग दिल्याची खूण नसते, नखे नसतात. खड्याच्या कडेवर सोने चढलेले असते आणि त्यावर सळईचे उतरते, चकचकीत पैलू असतात. नकलेत आधीच ओतून केलेली वाटी असते, तिच्या भिंतीची जाडी सगळीकडे एकच असते, आणि खडा व भिंत यांच्यामध्ये डिंकाची बारीक रेघ दिसते. जुन्या कामात खडा आधी हाती यायचा आणि घर त्याच्या मापाने बनायचे. त्यामुळे दोन पोलक्यांमधल्या कुंदनाची रुंदी बदलत जाते. वेडावाकडा हिरा असेल तिथे सोने फुगते, सरळ असेल तिथे आवळते. ठरलेल्या मापाचे खडे ठरलेल्या घरांत बसवलेले असतील तर रुंदी सगळीकडे सारखी दिसते. हा पुरावा मीन्याइतका पक्का नाही, कारण आजही नैसर्गिक पोलकी वेडीवाकडी येते आणि चांगला जडिया तिला तसाच न्याय देतो. पण एक गोष्ट उपयोगी आहे. एकाच दागिन्यात दोन तऱ्हेचे कुंदन दिसले, म्हणजे बहुतेक घरांत मऊ, झिजलेले, किंचित फिकट सोने आणि दोन-तीन घरांत ताजे, धारदार पैलूंचे, तर ती घरे केव्हातरी उघडली गेली आहेत.

डाकेकडे सर्वांत शेवटी यावे. चांगल्या कामात हिऱ्याखाली पांढरी चांदीची डाक असते, माणकाखाली तांबूस आणि पाचूखाली हिरवी रंगवलेली. मागून बंद असलेल्या खड्याला उजेड परत फेकणारी तीच. ती टिकते कुंदन घट्ट असेपर्यंत. एकदा कडेतून ओल आत शिरली की चांदी काळवंडू लागते, आणि हे काळवंडणे कडेकडून आत सरकते. घरोघर कुंदन वेगवेगळ्या वेळी सैल झालेले असते, म्हणून जुन्या, न उघडलेल्या दागिन्यात प्रत्येक खड्याची अवस्था निराळी दिसते. एखादा अजून पाण्यासारखा स्वच्छ, शेजारचा कडेला करडा, तिसरा पुरता काळा. शंभर वर्षांच्या म्हणवणाऱ्या दागिन्यात सगळे खडे सारखेच उजळ असतील तर डाक बदललेली आहे. ही फसवणूक नव्हे; दागिना वापरात होता याचीच ती खूण. सगळे खडे सारखेच मंद असतील तर मात्र जपून. डाक मुद्दाम उतरवली असेल किंवा दागिना एकदाच पाण्यात बुडवून धुतला गेला असेल. खड्यातून आत पाहिले तर हाताने कापलेल्या डाकेला सुरकुत्या आणि घड्या दिसतात. ज्या काचेच्या खड्याला मागून आरशासारखा मुलामा दिलेला असतो त्यात खडा आणि चकाकी यांच्यात अंतरच नसते. तो बाजारात ‘कुंदन’ याच नावाने विकला जातो, आणि त्याचा या विषयाशी संबंध नाही.

हे सगळे एका पदकावर लावून पाहू. समजा, विकणारा सांगतो की पदक जयपूरचे, 1900 च्या आधीचे. पाठीवर पांढऱ्या भूमीवर समोरासमोर दोन पोपट, लाल फुले. भिंगाखाली लालातून खोदलेल्या रेघा दिसतात, दोन पोपट सारखे नाहीत, फुगीर भागावर सोन्याच्या रेषा बोथट आहेत, कड्याजवळ मळ भरलेला टवका आहे, आणि एका पानात फुगीर, सपाट हिरवा रंग आहे. म्हणजे पाठ खरी मीन्याची, बरीच वापरलेली, एका पानापुरती थंड रंगाने भरलेली. आता पुढची बाजू. मधली मोठी पोलकी आणि भोवतीची सहा माणके. पाच माणकांचे कुंदन झिजलेले, त्यांची डाक कमीअधिक काळवंडलेली. सहाव्या माणकाभोवती कुंदन ताजे, खडा आरस्पानी, आणि तिरप्या उजेडात त्यात समकेंद्री वक्र रेषा. अशा वक्र रेषा ज्वालेत वितळवून बनवलेल्या कृत्रिम माणकाच्या असतात, आणि ती पद्धत फ्रान्सच्या वेर्नुईने 1902 मध्ये जाहीर केली. घाईने कोणी म्हणेल, मग दागिना 1902 नंतरचा, विकणारा खोटा. पण थरांचा क्रम लक्षात ठेवला तर कळते की हा खडा फक्त सहाव्या घराबद्दल बोलतो आहे. पाठीच्या मीन्याचे वय तो सांगत नाही. सहाही माणके कृत्रिम असती, सहाही घरांचे कुंदन सारखेच झिजलेले असते आणि कुठेच घर उघडल्याची खूण नसती, तर मात्र जडाव 1902 च्या मागे नेता आला नसता आणि पाठही बहुधा त्याच सुमाराची मानावी लागली असती. हातातल्या पुराव्यावर इतकेच म्हणता येते की घाट आणि मीना जुना, पाच घरे बहुधा मूळची, एक घर नंतर बदललेले. ‘1900 च्या आधीचे’ हे सिद्ध होत नाही, खोटेही ठरत नाही. भाव करताना तो खडा कृत्रिम म्हणून वेगळा धरायचा, बस.

याच्या उलट जोडीही बाजारात असते, आणि ती जास्त फसवी. घरचा मोडका दागिना उकलून त्यातली जुनी पोलकी आणि पाचू नव्या घाटात बसवलेली असतात. खडे अस्सल जुने, कापणी जुनी, आणि विकणारा त्यांच्यावरच बोट ठेवतो. पाठ मात्र धारदार, टवका नसलेली, कड्यांपाशी कोरी. अशा वेळी खड्यांना जुन्या खड्यांची किंमत द्यावी आणि घाटाला नव्या घडणावळीची.

सोन्याचा कस मोजतानाही बाजू महत्त्वाची आहे. सराफांकडचे क्ष-किरणांचे यंत्र फक्त पृष्ठभागाचा कस सांगते. ते दर्शनी बाजूला धरले तर कुंदनाचे जवळजवळ शुद्ध सोने मोजले जाते आणि आकडा खूश करतो. घाट 18 कॅरटचा असला तरी. मोजणी पाठीवर, मीना नसलेल्या कडेवर किंवा कड्यावर करून घ्यावी. वजनातही लाख आणि खडे असतात, म्हणून एकूण वजन आणि सोन्याचे निव्वळ वजन वेगळे विचारावे. निव्वळ आकडा खडे न उचकटता काढलेला असेल तर तो अंदाज आहे हे धरूनच भाव करावा. कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना सक्तीच्या हॉलमार्किंगमधून सूट आहे, त्यामुळे शिक्का नाही म्हणून दागिना संशयास्पद ठरत नाही, पण त्यामुळेच पावतीवर जास्त भार पडतो. पावतीत ‘अँटिक’ एवढाच शब्द नसावा. घाट कोणत्या काळातला म्हणून विकला, मीना भट्टीचा की थंड, कोणते खडे किंवा घरे बदललेली, पोलकी नैसर्गिक की प्रयोगशाळेतली, हे एकेका ओळीत लिहून घ्यावे. दागिना परदेशी राहणाऱ्या मुलीला किंवा सुनेला द्यायचा असेल तर आणखी एक गोष्ट. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे जो विक्रेता ‘दीडशे वर्षांचा आहे’ आणि ‘बिनधास्त घेऊन जा’ ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणतो, त्याला पहिले वाक्य पावतीवर लिहून द्यायला सांगावे.